एकच बग, तीन तिकिटे

बग बॅश म्हणजे सॉफ्टवेअर बाजारात आणण्याआधी दीड-दोन तास सगळ्यांनी मिळून त्याच्यावर तुटून पडणे. एरवी तपासणी टेस्टर करतात. बग बॅशमध्ये मात्र प्रोग्रॅमर, डिझायनर, ग्राहकांचे फोन घेणारे, हिशेब पाहणारे असे सगळेच आपापली कामे बाजूला ठेवून मोबाइल हातात घेतात. सापडलेला प्रत्येक दोष एका नोंदीत लिहिला जातो, तिला तिकीट म्हणतात. दहा-पंधरा जण एकाच वेळी एकाच नव्या गोष्टीकडे पाहत असल्यामुळे एकच दोष अनेकांना दिसणार हे ठरलेलेच. म्हणून दुसऱ्या दिवशीचे खरे काम असते ते दुबार नोंदी वेगळ्या काढण्याचे. ते सोपे जाणार की डोकेदुखी ठरणार, हे बरेचसे आधीच्या तयारीवर ठरते.

समजा, बसचे आरक्षण करण्याचे एक अ‍ॅप आहे आणि त्याची नवी आवृत्ती दहा दिवसांनी येणार आहे. बग बॅश आदल्या दिवशी ठेवून उपयोग नाही, कारण सापडलेले दुरुस्त करायला वेळच उरत नाही. फार आधी ठेवली तर अर्धवट राहिलेल्या गोष्टीच दोष म्हणून नोंदल्या जातात. साधारण आठवडाभर आधीचा दिवस बरा. त्या दिवसापुरता बिल्ड, म्हणजे अ‍ॅपची तपासायची नेमकी प्रत, गोठवावा लागतो. बॅश चालू असताना कोणी ‘छोटीशी दुरुस्ती’ चढवली, तर अर्ध्या लोकांना दिसलेला दोष उरलेल्यांना दिसत नाही आणि वाद सुरू होतात.

प्रत्येकाला चाचणीसाठी वेगळे खाते द्यावे लागते. एकच खाते चौघांनी वापरले की एकाने रद्द केलेले आरक्षण दुसऱ्याच्या पडद्यावरून नाहीसे होते आणि नसलेल्या दोषाचे तिकीट तयार होते. पेमेंटही चाचणीचेच हवे, खऱ्या पैशांचे नको. कोणी काय पाहायचे याची वाटणी करावी: दोघांनी आसन निवडणे, दोघांनी रद्द करणे आणि परतावा, कोणी जुन्या फोनवर, कोणी नेट बंद-चालू करत. ज्याने जो भाग लिहिला त्याने तो तपासू नये, कारण त्याची बोटे आपोआप सुरळीत वाटेनेच जातात. आधीपासून माहीत असलेल्या दोषांची यादी सुरुवातीच्या दहा मिनिटांत सर्वांना दाखवली की बऱ्याच दुबार नोंदी जन्मालाच येत नाहीत. सर्वांत जास्त तिकिटे लिहिणाऱ्याला बक्षीस देण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. त्याने तिकिटे वाढतात, दोष वाढतीलच असे नाही. बक्षीस द्यायचेच तर सर्वांत चमत्कारिक दोष शोधणाऱ्याला द्यावे.

तिकिटाचा साचा लहान असावा: शीर्षक, काय काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले, बिल्डचा क्रमांक, फोनचे मॉडेल आणि स्क्रीनशॉट. एका तिकिटात एकच दोष. त्या दिवसाच्या सर्व तिकिटांवर एकच लेबल असले की ती नंतर एका ओळीत गोळा करता येतात. जिरा वापरणाऱ्यांसाठी ती ओळ अशी:

```
labels = bugbash AND resolution = Unresolved ORDER BY component, created
```

तिकीट लिहिण्याआधी तोच दोष कोणी नोंदला आहे का, हे अर्ध्या मिनिटात पाहायला सांगावे, पण त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नये. शोधाशोध फार करायला लावली की हिशेब विभागातला माणूस ‘कोणीतरी लिहिले असेल’ म्हणून लिहायचेच सोडून देतो. दुबार नोंद निस्तरता येते, न लिहिलेला दोष तसाच राहतो.

बॅश संपली. 16 जण, 90 मिनिटे, 64 तिकिटे. दुसऱ्या दिवशी सकाळी, लोकांच्या आठवणी ताज्या असतानाच, एक टेस्टर आणि एक प्रोग्रॅमर मिळून ती चाळायला बसतात. टेस्टरला लक्षणे कळतात, प्रोग्रॅमरला कारणे, आणि इथे दोन्हींची गरज पडते.

तीन तिकिटांचे शीर्षक जवळपास एकच आहे: ‘मराठी नाव नीट दिसत नाही’. घाईत तिन्ही एकत्र केली जातील. पण स्क्रीनशॉट उघडले की चित्र बदलते. पहिल्यात पीडीएफवर नावाच्या जागी रिकामे चौकोन आहेत. म्हणजे अक्षरे शाबूत आहेत, त्यांचे आकार असलेला फाँट तिथे नाही. दुसऱ्यात एसएमएसमध्ये नावाऐवजी प्रश्नचिन्हे आली आहेत. इथे देवनागरी न ओळखणाऱ्या संकेतनात मजकूर बदलताना अक्षरेच गळून पडली आहेत, आणि कितीही चांगला फाँट घातला तरी ती परत येणार नाहीत. तिसऱ्यात ‘शिवानी’ची पहिली वेलांटी ‘श’च्या आधी न येता नंतर पडली आहे. फाँट आहे, अक्षरेही आहेत, पण ती जुळवून मांडणारी प्रक्रिया पीडीएफ बनवणाऱ्या भागात नाही. शीर्षक एक, दोष तीन. ही तिकिटे वेगळीच राहतात.

याउलट दुसरी तीन तिकिटे एकमेकांना अनोळखी वाटतात. एकात बस आदल्या दिवशीच्या यादीत दिसते. दुसऱ्यात आरक्षण रद्द करताना ‘बस सुटून गेली आहे’ असे उत्तर येते. तिसऱ्यात प्रवासाची आठवण करून देणारा संदेश एक दिवस लवकर आला आहे. तिन्हींतल्या बसच्या वेळा शेजारी मांडल्या की धागा सापडतो: 12.30, 1.15, 4.45. सगळ्या मध्यरात्र ते पहाटे साडेपाच यांच्यामधल्या. भारतीय वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. सर्व्हर तारीख जागतिक वेळेवरून घेतो आणि तास-मिनिटे भारतीय दाखवतो, त्यामुळे तेवढ्याच बस एक दिवस मागे जातात. लक्षणे तीन, दोष एक.

अशा वेळी एक तिकीट मुख्य ठरवून बाकीची त्याला जोडायची असतात. सर्वांत आधी लिहिलेले मुख्य करण्याची सवय असते, पण ज्यात पायऱ्या स्पष्ट आहेत ते निवडणे जास्त शहाणपणाचे. बाकीच्यांतली वेगळी माहिती, दुसरा फोन, दुसरी वेळ, मुख्य तिकिटात उतरवून घ्यायची. दुबार तिकीट पुसून टाकायचे नसते, ‘डुप्लिकेट’ म्हणून बंद करायचे असते. मोझिलाकडून आलेल्या बगझिला या प्रणालीत तसे केले की दोन्ही नोंदींत एकमेकांचा उल्लेख आपोआप पडतो. दुबार नोंदींत मूळ नोंदीत नसलेली उपयोगी माहिती असते, हे 2008 साली एक्लिप्सच्या नोंदींवर झालेल्या अभ्यासातही दिसून आले होते. नोंद बंद करताना लिहिणाऱ्याला कारण एका ओळीत कळवावे, नाहीतर पुढच्या बॅशला तो येत नाही.

शंका असेल तिथे जोडून टाकण्याऐवजी दोन्ही उघडी ठेवून ‘संबंधित’ एवढाच दुवा द्यावा. चुकून वेगळी राहिलेली तिकिटे फार तर कोणाचा तासभर घेतात. चुकून एकत्र केलेली असतील, तर एक खरा दोष बंद नोंदीखाली गाडला जातो.

या बॅशमध्ये चाळणीनंतर 21 तिकिटे आपसांत दुबार निघाली, 5 दोष जुन्या यादीत आधीच होते, 6 दोष नव्हतेच आणि 32 दुरुस्तीला उरली. तारखेचा दोष दुरुस्त झाल्यावर टेस्टर मुख्य तिकिटाबरोबर बंद केलेल्या दोन तिकिटांतल्या पायऱ्याही करून पाहतो. यादी बरोबर आली, रद्द करणेही जमले, पण आठवणीचा संदेश अजून एक दिवस आधीच येत असेल, तर तिथे तारीख काढणारा वेगळा कोड आहे आणि ते तिकीट दुबार नव्हते. ते पुन्हा उघडले जाते.