बाळाला डायपरची लाली? आधी जांघेची घडी उघडून पाहा

अकोला, अमरावतीत उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या पुढे जातो. घाम आणि शू-शीच्या ओलाव्याने डायपर किंवा लंगोटाखाली बाळाची त्वचा लाल होते. ही लाली साधी आहे की यीस्टची, म्हणजे बुरशीची, यावर उपचार ठरतो.

फरक कसा ओळखाल?

साध्या रॅशमध्ये डायपर जिथे टेकतो आणि घासतो, तोच भाग लाल होतो. कुल्ले, मांड्या आणि जननेंद्रियाचा वरचा भाग लाल दिसतो, पण जांघेच्या खोल घड्या बहुधा स्वच्छ राहतात. यीस्टला उबदार, ओल्या घड्याच मानवतात. त्यामुळे घडीच्या आतही गडद लाल चट्टा दिसतो. त्याची कड ठळक असते आणि आजूबाजूला सुटे लाल ठिपके उमटतात. सावळ्या त्वचेवर चट्टा तपकिरी किंवा जांभळटही दिसू शकतो.

साधी लाली यीस्टची कशी होते?

समजा, आठ महिन्यांच्या बाळाला अँटिबायोटिक सुरू झाले आणि जुलाब लागले. पहिल्या दिवशी फक्त कुल्ले लाल होते. चौथ्या दिवशी घडीतही लाली आली आणि बाजूला ठिपके दिसले. जुलाबाने त्वचा सोलवटली, अँटिबायोटिकने बुरशीला रोखणारे जंतू कमी केले आणि यीस्टला वाट मिळाली.

उपचार काय?

साध्या रॅशमध्ये दर दोन-तीन तासांनी आणि शी झाल्यावर लगेच डायपर बदला. कोमट पाणी आणि कापसाने धुवा. मुलींना पुढून मागे पुसा. त्वचा टिपून 10-15 मिनिटे उघडी ठेवा, मग झिंक ऑक्साइड मलमाचा जाड थर द्या. पावडर टाळा, ती बाळाच्या श्वासात जाते. दोन-तीन दिवसांत फरक दिसायला हवा.

यीस्ट असल्यास डॉक्टर बहुधा क्लोट्रिमॅझोल 1 टक्का मलम दिवसातून दोनदा पातळ लावायला सांगतात. झिंकचा थर त्यावर द्यायचा. लाली गेली तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करा.

हे मलम नको

मेडिकलमधून ‘तिन्हींवर एक’ मलम परस्पर आणू नका. त्यात अनेकदा तीव्र स्टेरॉइड असते. लाली लवकर उतरते, पण बुरशी आत वाढत राहते. डायपरने झाकलेल्या जागी स्टेरॉइड जास्त शोषले जाते आणि त्वचा पातळ होते.

डॉक्टरांकडे कधी?

ताप, पू, फोड, रक्त किंवा तोंडात न पुसले जाणारे पांढरे चट्टे दिसल्यास, बाळ महिन्याच्या आतले असल्यास किंवा तीन दिवसांत फरक न पडल्यास बालरोगतज्ज्ञांना दाखवा. अमरावतीत डफरीन आणि अकोल्यात सर्वोपचार ही सरकारी रुग्णालये आहेत. जाताना आधी लावलेल्या मलमाची ट्यूब सोबत न्या.