सोळा बिटांत मोठा कोण? ७४८५ची साखळी आणि तिची जलद मांडणी

४०००० आणि ३९९९९ यांत मोठी संख्या कोणती, हे आपण डावीकडचा पहिला अंक पाहूनच सांगतो. ४ आणि ३ दिसले की उरलेल्या चार नवांकडे बघायचे कारण उरत नाही. विद्युत मंडलातही तुलनेचा नियम हाच असतो. फरक इतकाच की तिथे दहाऐवजी दोनच अंक असतात आणि या दोन संख्या अशा दिसतात:

अ = १००१ ११०० ०१०० ००००
ब = १००१ ११०० ००११ ११११

सोळा बिटांची ही तुलना एकट्याने करणारी साधी चिप बाजारात सहज मिळत नाही. मिळते ती चार बिटांची. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ७४०० मालिकेतली ७४८५ ही त्यांतली सर्वांत परिचित, आणि तिची कमी वीज खाणारी आवृत्ती म्हणजे ७४एलएस८५. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या आणि तंत्रनिकेतनांच्या प्रयोगशाळांत ती अनेकांच्या हातून गेलेली असते. पण तिथे बहुधा चार बिटांचीच तुलना होते, दिवा लागतो आणि प्रयोग संपतो. चिपची खरी हुशारी तिच्या तीन जादा तारांत आहे, आणि तिथपर्यंत आपण पोचतच नाही.

सोळा पायांची ही चिप. दोन पाय विजेसाठी, आठ पाय दोन संख्यांच्या चार-चार बिटांसाठी. ५, ६ आणि ७ क्रमांकाच्या पायांवर निकाल बाहेर पडतो: अ मोठा, दोन्ही समान, अ लहान. उरले २, ३ आणि ४. हे तिन्ही पाय आत येणाऱ्या तारांचे आहेत, आणि त्यांची नावे तीच: लहान, समान, मोठा. निकाल देणाऱ्या चिपला निकाल घेण्याची सोय कशासाठी?

तर ती अशासाठी. आपले चार बिट वेगळे असतील, तर चिप स्वतःच निकाल देते आणि या तीन तारांकडे ढुंकूनही बघत नाही. चारही बिट जुळले, तरच ती आत आलेला निकाल पुढे करते. त्यामुळे चार चिपा ओळीने जोडता येतात. सर्वांत खालचे चार बिट पहिल्या चिपकडे, त्यांच्या वरचे चार दुसरीकडे, असे करत सर्वांत वरचे चार बिट चौथीकडे. प्रत्येक चिपचे तीन निकाल पुढच्या चिपच्या त्याच नावाच्या तीन पायांना जोडायचे. पहिल्या चिपच्या खाली कोणीच नाही, म्हणून तिचा ‘समान’ पाय पाच व्होल्टला आणि ‘मोठा’ व ‘लहान’ हे पाय ग्राउंडला. अंतिम निकाल चौथ्या चिपवर.

वरच्या दोन संख्या या साखळीतून नेऊ. पहिल्या चिपला दिसतात ०००० आणि ११११. ती सांगते ‘लहान’. दुसरीला दिसतात ०१०० आणि ००११, म्हणजे ४ आणि ३. खालून आलेले ‘लहान’ बाजूला सारून ती सांगते ‘मोठा’. तिसरीला दोन्हीकडे ११०० दिसतात. तिचे स्वतःचे काहीच म्हणणे नाही, म्हणून ती ‘मोठा’ तसाच वर पाठवते. चौथीला दोन्हीकडे १००१, तीही तेच करते. निकाल: अ मोठा. आपण डावीकडून उजवीकडे वाचत गेलो, तर इथे निकाल उजवीकडून डावीकडे चढत गेला. तरीही वरच्या बिटांचा मान कायम राहिला, कारण खालचा निकाल मोडायचा अधिकार प्रत्येक वरच्या चिपला आहे.

या साखळीची अडचण वेळेची आहे. ४०००० आणि ४०००१ घ्या. फरक फक्त शेवटच्या बिटात आहे, त्यामुळे पहिल्या चिपचा निकाल वरच्या तिन्ही चिपांतून झिरपत जावा लागतो. ७४एलएस८५च्या माहितीपत्रकातले ठरावीक आकडे पाहिले, तर बिटांपासून निकालापर्यंत सुमारे २४ नॅनोसेकंद लागतात आणि आत आलेला निकाल बाहेर पडायला सुमारे १४. म्हणजे २४ अधिक तीन वेळा १४, एकूण ६६ नॅनोसेकंद. चिप संथ निघाली तर याहून बरेच जास्त. तेवढ्या काळात शेवटच्या चिपवर जुना किंवा चुकीचा निकाल दिसू शकतो. म्हणून नवे आकडे आल्याबरोबर निकाल उचलायचा नसतो. तो स्थिर झाल्यावर घड्याळाच्या ठोक्याने रजिस्टरमध्ये घ्यायचा असतो.

आता मला ज्याचे सर्वांत जास्त कौतुक आहे, तिकडे येतो. ७४८५च्या सत्यता-सारणीच्या तळाशी दोन ओळी अशा आहेत की त्या छापताना चुकल्या असाव्यात असे वाटते. चारही बिट जुळले आहेत आणि आत येणाऱ्या तिन्ही तारा ० आहेत, तर चिप ‘मोठा’ आणि ‘लहान’ हे दोन्ही निकाल एकदम १ करते. उलट ‘मोठा’ आणि ‘लहान’ या दोन्ही तारा १ असतील आणि ‘समान’ ० असेल, तर तिन्ही निकाल ०. एकच संख्या एकाच वेळी मोठीही आणि लहानही कशी? सरळ साखळीत या ओळी कधी उद्भवत नाहीत, कारण तिथे तीन तारांपैकी नेहमी एकच १ असते. त्यामुळे बहुतेक जण त्या वगळून पुढे जातात.

कारण चिपच्या आतल्या रचनेत आहे. बिट जुळलेले असताना ‘मोठा’ हा निकाल ठरवायला ती आत आलेली ‘मोठा’ ही तार वापरतच नाही. ती फक्त पाहते की ‘लहान’ नाही ना आणि ‘समान’ही नाही ना, मग अर्थातच मोठा. ‘लहान’चेही तसेच: ‘मोठा’ नाही आणि ‘समान’ नाही, तर लहान. तिन्ही तारा ० असल्या की दोन्ही अटी पुऱ्या होतात आणि दोन्ही निकाल १ येतात. ‘मोठा’ आणि ‘लहान’ दोन्ही १ असल्या की एकही अट पुरी होत नाही. विचित्र वाटणाऱ्या दोन्ही ओळी इथूनच येतात.

याच ओळींचा उपयोग करून साखळी मोडता येते. चिपचा ‘समान’ पाय ग्राउंडला जोडा. ‘मोठा’ या पायावर अ संख्येचा आणखी एक, पाचवा बिट द्या, आणि ‘लहान’ या पायावर ब संख्येचा पाचवा बिट. हा पाचवा बिट चारांच्या खालचा. वरचे चार जुळले आणि पाचव्यात अ १, ब ० असेल, तर निकाल ‘मोठा’. उलट असेल तर ‘लहान’. पाचवाही जुळला, तर दोन्ही निकालांच्या तारा सारख्याच येतात: दोन्ही बिट ० असतील तर दोन्ही तारा १, दोन्ही १ असतील तर दोन्ही तारा ०. आता या दोन तारा पुढच्या चिपला बिटांची जोडी म्हणून द्या, ‘मोठा’ अच्या बाजूला आणि ‘लहान’ बच्या बाजूला. दोन्ही सारख्या असतील तर पुढची चिप त्यांना समान समजते, आणि आपल्याला तेच हवे आहे. चार बिटांची चिप अशी पाच बिटांची झाली.

तीन चिपांत पंधरा बिट संपले. सोळावा, सर्वांत खालचा बिट चौथ्या चिपच्या सर्वांत खालच्या जोडीला थेट द्यायचा, आणि तिच्या वरच्या तीन जोड्यांना त्या तीन चिपांचे निकाल. चौथीचा ‘समान’ पाय मात्र पाच व्होल्टला आणि बाकीचे दोन ग्राउंडला, नेहमीसारखे.

आपल्या दोन संख्या आता पाच-पाच-पाच-एक अशा तोडू. अ होतो १००११, १०००१, ०००००, ०. ब होतो १००११, १००००, १११११, १. पहिल्या गटात सगळे जुळते आणि पाचवा बिट दोन्हीकडे १ आहे, म्हणून तारा ० आणि ०. दुसऱ्या गटात वरचे चार जुळतात, पाचवा १ विरुद्ध ०, म्हणून १ आणि ०. तिसऱ्यात अ लहान, म्हणून ० आणि १. शेवटचा बिट तर ० आणि १ आहेच. चौथ्या चिपला अच्या बाजूने ०१०० दिसतात, बच्या बाजूने ००११. चार आणि तीन. अ मोठा.

चिपा तितक्याच, चारच. पण निकाल आता चारऐवजी दोनच टप्प्यांत येतो: २४ अधिक २४, म्हणजे ४८ नॅनोसेकंद, आणि संख्या समान असतील तर आणखी दोन-चार. याच पद्धतीने सहा चिपांत चोवीस बिटांची तुलनाही दोन टप्प्यांत होते. एक सावधगिरी हवी. चार बिटांच्या प्रत्येक तुलनाकार चिपच्या सारणीत तळाच्या ओळी अशाच असतात असे नाही. दुसऱ्या जातीची चिप वापरणार असाल, तर ही युक्ती करण्याआधी तिची सारणी ओळ न ओळ वाचा.

चुका कुठे होतात आणि त्या कशा ओळखायच्या, तेही सांगतो. साखळी उलटी जोडली, म्हणजे वरचा निकाल खालच्या चिपला दिला, तर खालच्या बिटांचा शब्द अखेरचा ठरतो. समान संख्या देऊन तपासले तर ही चूक कधीच दिसत नाही. ४०००० आणि ३९९९९ दिल्या की लगेच दिसते, कारण निकाल ‘लहान’ येतो. दुसरी चूक पहिल्या चिपच्या तीन पायांची. तिन्ही ग्राउंडला जोडले, तर समान संख्यांवर चौथ्या चिपचा एकही दिवा लागत नाही. तिन्ही मोकळे सोडले, तर गंमत होते. ७४एलएस८५ मोकळ्या पायाला १ समजते, ‘समान’ १ झाला की तो बाकीच्या दोघांवर मात करतो, आणि मंडल ब्रेडबोर्डवर बरोबर चालते. मग तिच्या जागी ७४एचसी८५ बसवली की तेच मंडल कधी बरोबर, कधी चूक चालू लागते, कारण सीमॉस चिपचा मोकळा पाय ना ० असतो ना १. म्हणून तिन्ही पाय जोडलेलेच हवेत.

आणि एक मर्यादा. ही चिप ऋण संख्या जाणत नाही. दोनच्या पूरक पद्धतीत उणे एक म्हणजे सोळाच्या सोळा बिट १, आणि ७४८५च्या दृष्टीने ती सर्वांत मोठी संख्या, ६५५३५. उणे एक आणि एक यांची तुलना दिली, तर ती उणे एकला मोठा म्हणते. यासाठी नवी चिप लागत नाही. सर्वांत वरच्या बिटाच्या दोन तारांची अदलाबदल करायची, अचा बिट बच्या पायाला आणि बचा अच्या पायाला. चिन्हे सारखी असतील तर या अदलाबदलीने काहीच फरक पडत नाही, आणि वेगळी असतील तर निकाल योग्य बाजूला वळतो.