पेपर जवळ आले, की मुरुमं का?

बारावीचे पेपर जवळ आले, की आमच्या चिखलीत मुलींच्या कपाळा-हनुवटीवर मुरुमं उठतात. शेजारची पोर म्हणाली, "काकू, तळलेलं तर सोडलंय!" विचारलं, "झोपतेस कधी?" रात्री दोनला, अन् उठते पाचला. इथंच गोम आहे. ताण आणि जागरणानं कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं. त्वचेतल्या ग्रंथी जास्त तेल सोडतात, छिद्रं तुंबतात, सूज येते. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या २२ विद्यार्थ्यांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. परीक्षेत ज्यांचा ताण जास्त वाढला, त्यांचीच मुरुमं जास्त चिघळली. पोरीला अकराला झोपायला सांगितलं. आईनं दिलेली खाजेवरची स्टेरॉइडची ट्यूबही बंद करायला लावली. मैत्रिणींनो, तिनं लाली चार दिवस उतरते, पण पुढं मुरुमं आणखी वाढतात.