अठरा आठवड्यांचं सत्र, शुक्रवार मात्र तेरा

कॉलेजच्या सूचनाफलकावर लागणाऱ्या शैक्षणिक दिनदर्शिकेत दोन तारखा ठळक असतात: सत्रारंभ आणि सत्रसमाप्ती. या दोन तारखांच्या मध्ये शिकवायला किती आठवडे मिळतात, हा हिशेब मात्र बहुतेक ठिकाणी अंदाजानेच होतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमावलीत वर्षाच्या बावन्न आठवड्यांची वाटणी दिली आहे. त्यातले किमान तीस आठवडे प्रत्यक्ष अध्यापनाचे, बारा प्रवेश, परीक्षा वगैरे कामांचे, आठ दीर्घ सुट्ट्यांचे आणि दोन सार्वजनिक सुट्ट्यांचे. आठवडा सहा दिवसांचा धरला आहे. म्हणजे एका सत्राच्या वाट्याला पंधरा आठवडे, अर्थात नव्वद दिवस येतात.

आता रत्नागिरीकडच्या एका कॉलेजचं 2025चं पहिलं सत्र कल्पनेनं मांडून पाहू. सुरुवात सोमवार, 16 जूनला आणि शेवट शनिवार, 18 ऑक्टोबरला. पहिली चूक इथंच होते. एका तारखेतून दुसरी वजा केली की 124 येतात, सातानं भागलं की सतरा आठवडे आणि वर काही दिवस. पण वजाबाकीत एक टोक गळतं आणि शेवटचा आठवडा रविवारपर्यंत पुरा होत नाही. त्यापेक्षा सोमवार मोजावेत. ते अठरा भरतात. सहा दिवसांप्रमाणे 108 दिवस झाले.

अंतर्गत परीक्षा 11 ते 16 ऑगस्ट आणि सत्रान्त परीक्षा 6 ते 18 ऑक्टोबर असं धरू. हे तीन आठवडे सरळ जातात. उरले पंधरा, म्हणजे नव्वद दिवस. आयोगाचा आकडा अगदी बरोबर जुळला म्हणून इथं थांबणारे कमी नाहीत. सुट्ट्या अजून वजा व्हायच्या आहेत.

गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला, बुधवारी आली. गणपतीची सुट्टी गौरी-विसर्जनापर्यंत, मंगळवार 2 सप्टेंबरपर्यंत धरली. ही सुट्टी दोन आठवड्यांवर पसरते: पहिल्याचे चार दिवस, दुसऱ्याचे दोन. पूर्ण सुट्टीचे आठवडेच वगळायचे म्हटलं, तर एकही वगळला जात नाही. सुट्टीचा स्पर्श झालेला प्रत्येक आठवडा वगळायचा, तर दोन जातात. दिवस मोजले तर सहा, म्हणजे एक आठवडा. माझ्या मते आठवडे वजा करण्याची पद्धतच सोडून द्यावी. दिवस वजा करावेत आणि शेवटी सहानं भागावं.

सुट्या सुट्ट्यांत 5 सप्टेंबरची ईद आणि 2 ऑक्टोबर हे दोन दिवस जातात. 15 ऑगस्ट पुन्हा वजा करायचा नाही, कारण तो परीक्षेच्या आठवड्यात आधीच गेला आहे. अशी दुहेरी वजाबाकी हमखास होते. म्हणून परीक्षा आणि सुट्ट्या यांची तारीखवार एकच यादी करावी. आता 90 मधून 6 आणि 2 गेले, राहिले 82. म्हणजे तेरा आठवडे आणि चार दिवस.

पण ही तूट सगळ्या विषयांना सारखी लागत नाही. वार मोजून पाहिले, तर सोमवार, मंगळवार, बुधवार आणि शनिवार प्रत्येकी चौदा मिळतात. गुरुवार आणि शुक्रवार तेराच. चार श्रेयांकांच्या तात्त्विक विषयाला साठ तास लागतात. ज्या विषयाचे तास मंगळवार ते शुक्रवार आहेत, त्याला 14, 14, 13 आणि 13 मिळून चोपन्नच मिळतात. वेळापत्रक आखतानाच हे दिसू शकतं. एक्सेलमध्ये परीक्षेच्या आणि सुट्ट्यांच्या सगळ्या तारखा H2 ते H30 या रकान्यांत भरल्या, की सत्रातले गुरुवार असे मिळतात:

```
=NETWORKDAYS.INTL(DATE(2025,6,16),DATE(2025,10,18),"1110111",H2:H30)
```

अवतरणातले सात आकडे सोमवारपासूनचे वार आहेत. ज्याच्या जागी शून्य, तोच वार मोजला जातो. बाकीच्या वारांसाठी फक्त शून्य सरकवायचं.

वारांमधला फरक भरून काढायला एक साधा उपाय आहे. एखाद्या शनिवारी शुक्रवारचं वेळापत्रक चालवायचं, आणि ते आधीच दिनदर्शिकेत छापायचं. एकूण दिवस यानं वाढत नाहीत. त्यासाठी सत्र आधी सुरू करणं, परीक्षा आटोपशीर करणं किंवा जादा तास घेणं हेच मार्ग उरतात.

कागदावरच्या 82 दिवसांनाही गळती लागते. जुलैत अतिवृष्टीचा इशारा आला की जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात, आणि ती कोणत्याच यादीत आधी नसते. दुसरी गळती कमी दिसते. तृतीय वर्षाची परीक्षा चालू असताना प्रथम वर्षाचे वर्ग कागदोपत्री सुरूच असतात. प्रत्यक्षात खोल्या परीक्षेला दिलेल्या असतात आणि शिक्षक पर्यवेक्षणाला. म्हणून परीक्षेचे दिवस वर्गवार लिहून भागत नाही. त्या दिवसांत कोणाचे तास खरोखर झाले, हे हजेरीपटावरून पाहावं लागतं. प्रथम वर्षाचा हिशेब तर वेगळाच मांडायला हवा. प्रवेशफेऱ्या लांबल्या की त्यांचं सत्र आठवड्यांनी उशिरा सुरू होतं, आणि सत्रसमाप्तीची तारीख मात्र पुष्कळदा सगळ्यांसाठी तीच राहते.