रात्रीची लघवी मोजून पाहा

रात्री तीन-तीनदा लघवीला उठावं लागतं म्हटलं, की साठीतल्या पुरुषाला घरचे लगेच सांगतात, "प्रोस्टेट वाढलं असेल." बाईला सांगतात, "वय झालं आता." दोन्ही उत्तरं कधी बरोबर असतात, पण तपासल्याशिवाय ती खरी मानू नयेत. तपासाची सुरुवात घरीच होते. त्यासाठी लागतं फक्त एक मापाचं प्लास्टिकचं भांडं आणि एक वही.

तीन दिवस प्रत्येक वेळी लघवी भांड्यात करायची, वेळ आणि मिलिलिटर लिहायचे. काय प्यायलो, किती आणि कधी, तेही शेजारी टिपायचं. एक नियम मात्र नीट पाळायचा : झोपण्याआधीची लघवी दिवसाच्या खात्यात आणि सकाळी उठल्याबरोबरची रात्रीच्या खात्यात धरायची. कारण सकाळची लघवी रात्रीच तयार झालेली असते.

उदाहरणादाखल ६७ वर्षांचे एक काका घेऊ. बीपीसाठी अॅम्लोडिपिनची गोळी चालू आहे. साडेदहाला झोपतात, मग १ वाजता ३०० मिलि, ३ वाजता २८०, ५ वाजता २५० आणि साडेसहाला उठल्यावर २७०. रात्रीची बेरीज झाली ११००. चोवीस तासांची एकूण लघवी १९०० मिलि, म्हणजे निम्म्याहून जास्त रात्रीच तयार झाली. पासष्टीपुढे रात्रीचा वाटा साधारण एक तृतीयांशापर्यंत चालतो, तरुणपणी एक पंचमांशाच्या आसपास.

या आकड्यांतून आणखी एक गोष्ट कळते. दर खेपेला अडीचशे-तीनशे मिलि होतेय, म्हणजे मूत्राशयात लघवी बऱ्यापैकी मावतेय. अडचण साठवण्याची नाही, रात्री लघवी जास्त बनण्याची आहे. याउलट दर वेळी ७०-८० मिलिच होत असती, धार बारीक असती, सुरू व्हायला वेळ लागत असता, तर प्रोस्टेटकडे किंवा मूत्राशयाकडे बोट दाखवता आलं असतं. आणि दिवसभरातच तीन लिटरच्या वर लघवी होत असेल, तहानही लागत असेल, तर आधी रक्तातली साखर तपासायची.

मग काकांची लघवी रात्रीच का वाढते? वयानुसार एक कारण असतं : रात्री लघवी कमी करायला सांगणारं मेंदूतलं संप्रेरक कमी पडू लागतं. पण काकांच्या पायांवर दुसरं कारण दिसतं. संध्याकाळी मोजे काढले की घोट्यावर वळ उमटलेला असतो, बोटाने दाबलं तर खळगा पडतो. दिवसभर बसून पायांत पाणी साचतं, आणि अॅम्लोडिपिनमुळेही पाय सुजू शकतात. आडवं झालं की हेच पाणी रक्तात परततं, मूत्रपिंडांतून गाळलं जातं आणि काकांना एक वाजता उठवतं. म्हणून झोपताना पाण्याचा घोटही न घेता रात्री लघवी होऊ शकते.

उपाय म्हणजे हे पाणी झोपण्याआधीच उतरवायचं. दुपारी तासभर पाय उशांवर, छातीपेक्षा उंच ठेवून पडायचं. संध्याकाळी फेरी मारायची. जेवणातलं मीठ कमी करायचं, त्यात लोणचं-पापडही आले. मीठ पाणी धरून ठेवतं, आणि रात्री ते बाहेर टाकावं लागतं.

पाणी कमी करू नका, फक्त त्याची वेळ बदला. दिवसाचा मोठा वाटा सकाळी आणि दुपारी संपवा. संध्याकाळचा चहा चारच्या आत घ्या. रात्रीचं ताक, पातळ आमटी आणि फळंही पाण्याच्या हिशेबात धरा. झोपण्याआधीच्या दोन-तीन तासांत फक्त घोटभर, गोळीपुरतं. दारू टाळलेली बरी. पण दिवसाचं पाणीच तोडलं, तर लघवी घट्ट होऊन जळजळते, आणि मुतखडा झालेल्यांना तो पुन्हा होण्याची भीती वाढते.

बीपीची किंवा लघवी होण्याची गोळी मनाने बंद करू नका, वेळही बदलू नका. वही घेऊन डॉक्टरांकडे जा. लघवीची गोळी दुपारी हलवावी का, पाय सुजवणारी गोळी बदलावी का, हे ते ठरवतील. रात्रीची लघवी कमी करणारी डेस्मोप्रेसिन नावाची गोळी असते, पण म्हातारपणी तिच्याने रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतं, म्हणून ती स्वतःहून घ्यायची नाही.

सोबतच्या माणसालाही एक प्रश्न विचारा : हे जोरात घोरतात का, मध्येच श्वास थांबतो का? झोपेत श्वास अडला तर हृदयातून लघवी वाढवणारं संप्रेरक सुटतं. मग दोष लघवीचा नसून झोपेचा असतो.

दोन-तीन आठवड्यांत वहीत फरक पडला नाही, तर डॉक्टरांना दाखवा. लघवीत रक्त, जळजळ, वजन घटणं किंवा दोन्ही पायांची वाढती सूज असेल, तर आठवडे घालवू नका. लघवी पूर्ण अडली, तापासोबत थंडी वाजली, पाय लुळे पडले किंवा झोपल्यावर दम लागून उठून बसावं लागलं, तर तेव्हाच दवाखाना गाठा.

आणि तोवर पलंगापासून संडासापर्यंत एक मंद दिवा लावून ठेवा. अर्धवट झोपेत अंधारात पडून मोडलेलं खुब्याचं हाड लघवीहून फार महाग पडतं.