आधी नळजोडणी, मग डांबर

जळगावात अमृत योजनेच्या जलवाहिन्या आणि भुयारी गटारींसाठी शहरभर रस्ते खोदले गेले आणि डांबरीकरण त्या कामांपायी अडून राहिले. अशा वेळी रस्त्याचे काम थांबवण्याची टिपणी कशी लिहावी?

‘जलवाहिनीस विलंब, सबब काम थांबवावे’ एवढ्यावर वरिष्ठांना निर्णय घेता येत नाही. नेमके काय बाकी आहे ते आधी लिहा. बहुधा मुख्य वाहिनी टाकून झालेली असते. राहिलेली असते ती दाबचाचणी आणि घरोघरची नळजोडणी. यातली बरीचशी जोडणी रस्ता आडवा कापूनच होते. म्हणजे आज टाकलेले डांबर महिन्याभरात फुटणार, आणि काळ्या मातीत घाईने बुजवलेला चर पहिल्याच पावसात खचणार. उलट, थांबलो तर ठेकेदाराला मुदतवाढ द्यावी लागते आणि धूळ लोकांच्या नाकातोंडात जाते, हेही लपवू नका.

पूर्ण थांबणे किंवा तसेच रेटणे, यांपेक्षा माझ्या मते मधला पर्याय मागावा: चर थराथराने दाबून खडीकरण उरकावे, डांबर तेवढे रोखावे. बाकी जोडण्यांची गल्लीवार यादी आणि फेरआढाव्याची तारीख मात्र टिपणीतच घाला. पावसाळ्यात डांबरीकरण होत नाही, म्हणून ती तारीख मार्चपुढे नको.