घराचे कागद बँकेत, पगार डॉलरमध्ये

अमेरिकेत एम.एस.ला प्रवेश मिळालेल्या मुलीच्या घरी दोन कागद जवळपास एकाच वेळी येतात. एकावर फी डॉलरमध्ये असते, दुसऱ्यावर बँकेने मंजूर केलेलं कर्ज रुपयांत. पुढची दहा-बारा वर्षं कुटुंबाचा हिशेब या दोन चलनांमध्ये फिरत राहतो.

सुरुवात तारणापासून होते. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सहसा तारण लागत नाही. निवडक विद्यापीठांसाठी काही बँका त्याहून मोठी रक्कमही विनातारण देतात. एरवी घर, फ्लॅट किंवा मुदत ठेव मागितली जाते आणि आई किंवा वडील सहकर्जदार होतात. आपल्याकडे अनेकांचा पहिला विचार गावच्या शेतीचा असतो. पण कर्ज थकलं तर ज्या सरफेसी कायद्याखाली बँक तारण ताब्यात घेते, तो शेतजमिनीला लागू नाही. म्हणून सातबारा पुढे केला की बँका बहुधा नकार देतात. वडिलोपार्जित घरावर काका-आत्यांची नावं असतील, तर त्यांच्याही सह्या लागतात. प्रवेशाची तारीख जवळ आल्यावर हे कळलं तर धावपळ होते. म्हणून अर्ज करण्याआधीच खरेदीखत, इंडेक्स टू आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट वकिलाला दाखवून घ्यावं.

आता एक हिशेब मांडू. समजा, पुण्यातल्या फ्लॅटवर 40 लाखांचं कर्ज मिळालं, व्याज 10 टक्के. अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि त्यानंतर एक वर्ष मोरॅटोरियम, म्हणजे तीन वर्षं हप्ता नाही. पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला 20 लाख उचलले, दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला उरलेले 20 लाख. हप्ता नसला तरी सरळव्याज चालूच असतं. पहिल्या रकमेवर तीन वर्षांचं 6 लाख आणि दुसरीवर दोन वर्षांचं 4 लाख. हे 10 लाख मुदलात मिळाले की 50 लाखांवर हप्ता सुरू होतो. दहा वर्षांसाठी तो महिना सुमारे 66 हजार पडतो. वडिलांनी तीन वर्षं नुसतं व्याज भरलं असतं, तर हप्ता 53 हजारांच्या आसपास राहिला असता. फरक महिन्याला तेरा हजारांचा, दहा वर्षांत जवळजवळ 16 लाखांचा. व्याज भरणं झेपत असेल, तर सुरुवातीपासून भरावं.

रुपयाची घसरण शिकताना नुकसान करते. दुसऱ्या वर्षाचा खर्च 24,000 डॉलर असेल, तर 84 च्या भावाने 20 लाख 16 हजार लागतात आणि 90 च्या भावाने 21 लाख 60 हजार. मंजूर रक्कम रुपयांत ठरलेली असते, ती आपोआप वाढत नाही. वरचे दीड लाख घरातून काढावे लागतात. त्यामुळे खर्चाचा अंदाज देतानाच डॉलरचा भाव आजच्यापेक्षा पाच-सात टक्के वर धरावा.

मुलगी तिथेच कमावू लागली की तीच घसरण तिच्या बाजूने वळते. 84 च्या भावाने 66 हजारांच्या हप्त्याला सुमारे 786 डॉलर लागतात, 90 च्या भावाने 733. कर्ज रुपयांत आणि कमाई डॉलरमध्ये असण्याचा हा फायदा. काही परदेशी कंपन्या तारण न घेता थेट डॉलरमध्ये कर्ज देतात. घर गहाण पडत नाही, म्हणून ते सोपं वाटतं. पण मुलगी भारतात परतली, तर तिला रुपयांतल्या पगारातून डॉलर फेडावे लागतात आणि रुपया घसरेल तसा तिचा हप्ता वाढत जातो.

परतावं लागणं ही दूरची शक्यता नाही. अमेरिकेत पदवीनंतरच्या ओपीटी परवान्यावर पहिल्या बारा महिन्यांत एकूण 90 दिवसांपेक्षा जास्त बेरोजगार राहता येत नाही. नोकरी नाही आणि मोरॅटोरियम संपलेला, अशा वेळी हप्ते चुकले तर वडिलांचाही सिबिल स्कोअर घसरतो. 90 दिवस थकबाकी राहिली की खातं बुडीत वर्गात जातं आणि फ्लॅटवर 60 दिवसांची नोटीस लागू शकते. नोटीस येईपर्यंत थांबू नये. मोरॅटोरियम संपण्याच्या दोन-तीन महिने आधीच शाखेत जाऊन मुदत वाढवून मागावी. शिवाय सहा हप्त्यांएवढी रक्कम भारतातल्या खात्यात बाजूला ठेवावी.

नोकरी लागल्यावर पगारातून उरलेले डॉलर मुदलात भरावेत. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो. कर्ज पूर्ण फिटलं की बँकेने 30 दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यायची असतात. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्या दिवशी वडिलांनी स्वतः शाखेत जावं आणि कागद देताना केलेल्या यादीशी एकेक पान ताडून घ्यावं.